एच-अल्फाच्या शेजारची रेघ : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

विषय ठरला. हायड्रोजन आणि त्याचं जड समस्थानिक ड्युटेरियम यांच्या लाल रेघांमधलं, म्हणजे एच-अल्फांमधलं, अंतर मोजायचं. मॅडमनी कपाटातून दोन नळ्या काढून दिल्या, एक हायड्रोजनची, एक ड्युटेरियमची. दिसायला जुळ्या बहिणी. लेबल नसतं तर कुठली कुठली ते कळलं नसतं. पेटवल्या तरी दोन्ही तशाच गुलाबी-लाल.

स्नेहलचा पहिला प्रश्न : "ही ड्युटेरियमची नळी आपल्या थळची का?" अलिबागकरांना हा प्रश्न पडणारच. पाच-सहा किलोमीटरवर जड पाण्याचा कारखाना आहे. शेजारच्या खत कारखान्यात अमोनियासाठी जो वायू बनतो त्यातल्या हायड्रोजनमधून तिथे ड्युटेरियम वेचतात, द्रव अमोनियाशी देवाणघेवाण घडवून. पण नळी तिथली नाही, साहित्य पुरवणाऱ्याकडून घेतलेली साधी नळी आहे. थळचं जड पाणी अणुभट्ट्यांसाठी जातं.

प्रश्न थोडक्यात असा. बोरच्या सूत्रात इलेक्ट्रॉन फिरतो आणि केंद्रक जागच्या जागी बसून राहतं असं धरतात. खरं तर दोघंही सामायिक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. एक थोराड बाई आणि एक चिमुरडी फुगडी घालायला लागल्या तर बाईसुद्धा एका जागी राहत नाही, छोटासा गोल घेतेच, तसंच. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, म्हणून त्याचा गोल तितकाच लहान. ही हालचाल हिशोबात घ्यायची तर इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या जागी रिड्यूस्ड मास घालायचं :

```
mu = m*M/(m + M) = m/(1 + m/M)
```

ऊर्जा `mu` च्या प्रमाणात, तरंगलांबी त्याच्या उलट. म्हणजे तरंगलांबी `1 + m/M` च्या प्रमाणात. केंद्रक जड झालं की ते कमी हलतं, `mu` किंचित वाढतं, इलेक्ट्रॉन किंचित घट्ट बांधला जातो आणि रेघ निळ्याकडे सरकते. ड्युटेरियमची रेघ हायड्रोजनच्या डावीकडे की उजवीकडे यावर स्नेहल आणि मी पैज लावली होती. उत्तर कागदावरच मिळालं, चहा तिच्याकडे लागू झाला.

७ ऑगस्ट

आज नुसता हिशोब. पण इतका वेळ जाईल असं वाटलं नव्हतं.

मॅडमनी जुन्या प्रकल्पांचा गठ्ठा दिला. त्यात कधीतरीच्या एका तुकडीचा हाच प्रकल्प निघाला. त्यांनी ड्युटेरियमच्या एच-अल्फाची तरंगलांबी सूत्रावरून काढली ६५६.२९ नॅनोमीटर. ग्रेटिंगवर मोजली ६५६.२८ आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं, "सिद्धांताशी उत्तम जुळते". वाचायला छान. पण पुस्तकात साध्या हायड्रोजनची रेघ ६५६.२८ लाच दिली आहे, ड्युटेरियमची ६५६.१० ला. मग त्यांनी मोजलं काय?

संगणकावर चार ओळी लिहिल्या. प्रति सेंटिमीटर एककातला रिडबर्ग स्थिरांक घेतला, आणि केंद्रकाचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या पटीत : प्रोटॉन १८३६.१५, ड्युटेरॉन ३६७०.४८, आणि तिसरं अवाढव्य, म्हणजे न हलणारं केंद्रक.

```
Rinf = 109737.316
for M in (1836.15, 3670.48, 1e12):
    R = Rinf/(1 + 1/M)
    print("%.2f" % (1e7/(R*5/36)))
```

उत्तरं आली :

```
656.47
656.29
656.11
```

हायड्रोजन ६५६.४७, ड्युटेरियम ६५६.२९, आणि दुरुस्तीच केली नाही तर ६५६.११. म्हणजे न हलणाऱ्या केंद्रकापासून ड्युटेरियम जितकं लांब, तितकंच ड्युटेरियमपासून हायड्रोजन लांब. दोन्हीकडे ०.१८ नॅनोमीटर. हे साहजिक आहे, ड्युटेरॉन प्रोटॉनच्या जवळजवळ दुप्पट जड, म्हणून त्याची दुरुस्ती जवळजवळ निम्मी.

आता खरी गंमत. सूत्र देतं ती निर्वातातली तरंगलांबी. आपण मोजतो हवेत, आणि पुस्तकातल्या तक्त्यात दृश्य रेघांची तरंगलांबी बहुतेक वेळा हवेतलीच असते. हवेचा अपवर्तनांक साधारण १.०००२७६. म्हणजे ६५६ च्या आसपास हवेमुळे तरंगलांबी किती कमी होते? ०.१८ नॅनोमीटर!

एकाच मापाच्या तीन गोष्टी एका ठिकाणी जमल्या. त्यामुळे निर्वातातला ड्युटेरियम (६५६.२९) हवेतल्या हायड्रोजनच्या (६५६.२८) अंगावर येऊन बसतो. आणि रिड्यूस्ड मास न घेता काढलेला आकडा (६५६.११) हवेतल्या ड्युटेरियमच्या (६५६.१०) अंगावर. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि उत्तर "उत्तम जुळते". त्या तुकडीने बहुधा हायड्रोजनचीच रेघ मोजली आणि सूत्रातल्या ड्युटेरियमशी ताडून पाहिली. शेवटचा ०.०१ चा फरक राहतो तो बराचसा साध्या बोर सूत्रात सूक्ष्म रचना धरलेली नसते म्हणून.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे एका रेघेची तरंगलांबी कितीही चांगली मोजलीत तरी मला पटणार नाही. दोन रेघा एकाच फोटोत दाखवा."

तेच प्रकल्पाचं ध्येय धरलं. हवा दोन्ही रेघांना सारखीच लागू आहे. ऑगस्टातला उकाडा आणि ओल यांनी अपवर्तनांक थोडा बदलला तरी दोन्ही रेघा एकत्र सरकतील, त्यांच्यातलं अंतर तेच राहील.

१३ ऑगस्ट

स्पेक्ट्रोमीटर टेबलवर आला. ग्रेटिंग मिलिमीटरला १२०० रेषांचं, म्हणजे दोन रेषांत ८३३ नॅनोमीटर. प्रकाश सरळ आपटला तर एच-अल्फा पहिल्या क्रमात ५२ अंशांवर येते. तिथे ०.१७८५ नॅनोमीटरच्या फरकाचा कोन निघतो फक्त १.२ मिनिटं. आमच्या व्हर्निअरचं लघुत्तम माप १ मिनिट. म्हणजे दोन वाचनं घेऊन वजाबाकी करणं हा वेळेचा अपव्यय. वर्गातल्या प्रयोगात आपण हेच करतो आणि मग चूक शंभर टक्के आली की आकडे "जुळवतो".

ग्रेटिंग मात्र कमी पडत नाही. दोन रेघा वेगळ्या दिसायला विभेदनक्षमता साधारण ३७०० लागते, आणि आमच्या २५ मिलिमीटर रुंदीच्या ग्रेटिंगवर ३०,००० रेषा आहेत. अडचण स्लिटची. पडद्यावर दिसणारी रेघ म्हणजे स्लिटचीच प्रतिमा. स्लिट रुंद ठेवली तर दोन प्रतिमा एकमेकींत मिसळून एकच जाड रेघ दिसणार. त्यात ५२ अंशांवर ग्रेटिंग ही प्रतिमा आणखी १.६ पट रुंद करतं.

डोळ्याऐवजी कॅमेरा लावायचं ठरलं. स्नेहलच्या मामांचा फोटो स्टुडिओ आहे आणि चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून कॅमेरा मिळाला. २०० मिलिमीटरची लेन्स, पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा. दुर्बीण काढून तिच्या जागी, ग्रेटिंगकडे बघत, तिवईवर कॅमेरा. असं केलं की एका पिक्सेलला साधारण ०.०१ नॅनोमीटर येतात, आणि आपल्या दोन रेघांमध्ये सुमारे १८ पिक्सेलचं अंतर.

मग स्लिट किती बारीक हवी? ती किती बारीक आहे हे कळायला पट्टीचा उपयोग नाही. काकांनी (आमचे प्रयोगशाळेतले काका, तीस वर्षं हेच करत आलेत) कॉलिमेटरची लेन्स काढली आणि स्लिटमधून लाल लेझर पॉइंटर मारला. दोन मीटरवरच्या भिंतीवर मधला तेजस्वी पट्टा पडला, दोन्ही बाजूंच्या काळ्या जागांमध्ये साडेतीन सेंटिमीटर. ६५० नॅनोमीटर धरून हिशोब केला की स्लिट निघते ०.०७४ मिलिमीटर. कॅमेऱ्यावर तिची प्रतिमा पस्तीस पिक्सेल, म्हणजे रेघांमधल्या अंतराच्या दुप्पट. काही दिसलं नसतं.

काकांनी स्क्रू इतका हळू फिरवला की आधी काही होतंय असंच वाटेना. भिंतीवरचा पट्टा मात्र पसरत गेला. स्लिट मिटते तसा प्रकाश फाकतो, हे पुस्तकात वाचलेलं असलं तरी भिंतीवर बघताना उलटंच वाटतं. पट्टा तेरा सेंटिमीटरचा झाला तेव्हा थांबलो : ०.०२ मिलिमीटर. प्रतिमा साडेनऊ पिक्सेल. याहून बारीक केली तर स्लिटच्या कडांवरची धूळ दिसायला लागते, वर्णपटभर आडव्या काळ्या रेषा. एक-दोन आत्ताच आहेत. काकांनी काडीपेटीची काडी टोकदार करून कडांवरून फिरवली, बऱ्याचशा गेल्या.

२० ऑगस्ट

पाऊस सुटत नाही. खोलीतली आर्द्रता इतकी की नळीच्या होल्डरवर चुरचुर आवाज येतो आणि अंधारात टोकाला जांभळट झुपका दिसतो. काही हजार व्होल्ट नळीतून जायच्या ऐवजी ओल्या प्लॅस्टिकवरून जात होते, नळी लुकलुकायची. होल्डर स्पिरिटने पुसला, टेबल फॅनने वाळवला, मग स्थिर झाली. रात्रभर सगळं सामान बल्ब लावलेल्या कपाटात. लेन्सवर बुरशी चढू नये म्हणून कोकणात घरोघरी जे करतात तेच.

नळी सलग चालवायची नाही, तापते आणि आतला वायू खराब होतो. अर्धं मिनिट चालू, अर्धं बंद. त्यामुळे कॅमेऱ्याची लांब उघडीक, म्हणजे एक्स्पोजर, तुकड्यांत.

पहिले फोटो निराशाजनक काळे. कारण कॅमेऱ्यातच आहे. साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी काच असते आणि ती ६५६ लाही बराचसा प्रकाश खाते. आकाशाचे फोटो काढणारे याच कारणाने ती काच काढून टाकतात. मामांचा कॅमेरा उघडायचा प्रश्नच नाही. उघडीक वाढवली. शिवाय लाल रेघ फक्त लाल पिक्सेलवर उमटते, आणि ते एकाआड एक असतात. म्हणजे १८ पिक्सेलच्या अंतरात खरे नमुने नऊच. तरी पुरे, रेघेचा मध्य काढायला.

रॉ फाइल घ्यायची, जेपीईजी नाही. जेपीईजीमध्ये कॅमेरा स्वतःच्या मनाने कडा धारदार करतो आणि दोन रेघांमधली दरी खोटी खोल दिसते.

संध्याकाळी आधी हायड्रोजनची नळी, मग तीच जागा ठेवून ड्युटेरियमची. दोन फोटोंतली एच-अल्फा ताडून पाहिली. सरकली, योग्य दिशेला. पण किती? नळ्या काढून पुन्हा बसवल्या की उत्तर दरवेळी वेगळं, कधी १४ पिक्सेल तर कधी २३. नळी बदलताना टेबलाला हात लागतो. आणि नळीची जागा जरा हलली की स्लिटमधून येणारा प्रकाश लेन्सच्या वेगळ्या भागातून जातो. फोकस अगदी नेमका नसेल तर तेवढ्यानेही रेघ सरकते. मॅडमचं म्हणणं बरोबर होतं, एकच फोटो हवा.

उद्यापासून सगळे गणपतीच्या तयारीत. मी चौलला चालले, स्नेहल रेवदंड्याला. कॅमेरा मामांकडे.

८ सप्टेंबर

दोन रेघा! आणि दोन नळ्या न लागता.

ड्युटेरियमच्या नळीचा लांब उघडीकीचा फोटो मोठा करून बघत होतो. मुख्य रेघेच्या एका बाजूला, सुमारे १८ पिक्सेलवर, दुसरी फिकी रेघ. उंची मुख्य रेघेच्या जेमतेम पाचवा हिस्सा. ड्युटेरियमच्या नळीतच थोडा साधा हायड्रोजन आहे. वायू शंभर टक्के शुद्ध नसतो आणि काचेला चिकटलेल्या पाण्याच्या अंशातूनही तो सुटतो. अशुद्धी म्हणून कोणी नाक मुरडेल, आम्हाला मात्र ती हवीच होती. एकच स्लिट, एकच नळी, एकच उघडीक. नळी हलली तरी दोन्ही रेघा मिळून हलतील.

पण मॅडमनी लगेच विचारलं, "ही हायड्रोजनचीच कशावरून?" ग्रेटिंग कोरताना यंत्राच्या स्क्रूमध्ये ठरावीक अंतराने येणारी चूक राहिली तर प्रखर रेघेच्या आजूबाजूला खोट्या फिक्या रेघा दिसतात. त्यांना ग्रेटिंगची भुतं म्हणतात. १९३१ साली कोलंबिया विद्यापीठात हॅरॉल्ड युरी आणि जॉर्ज मर्फी ड्युटेरियमचीच फिकी रेघ शोधत होते तेव्हा त्यांनाही हीच शंका होती : दिसतंय ते ड्युटेरियम की भूत?

आमच्याकडे तपासायच्या तीन गोष्टी होत्या. भूत रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखं दिसतं. आमची फिकी रेघ एकाच बाजूला आहे, आणि निऑनच्या रेघांवरून ठरवलं तर ती लाल बाजू, म्हणजे जिथे हायड्रोजन असायला हवा तिथेच. दुसरं, हायड्रोजनच्या नळीत, तितक्याच प्रखर रेघेला, त्या अंतरावर काहीच नाही. तिसरं, रेणूची रेघ असेल तर? हायड्रोजन आणि ड्युटेरियमचे रेणू लाल भागात असंख्य बारीक रेघा देतात. विद्युतप्रवाह बदलला की अणूंच्या आणि रेणूंच्या रेघांची तीव्रता वेगवेगळ्या प्रमाणात बदलते. आम्ही व्होल्टेज कमी-जास्त केलं. रेणूंचा पट्टा मुख्य रेघेच्या मानाने ठळकपणे बदलला; आमच्या दोन रेघांचं एकमेकींशी प्रमाण मात्र तेच राहिलं.

१२ सप्टेंबर

आज मोजणी. पिक्सेलचे नॅनोमीटर करायला निऑनची नळी वापरली. एच-अल्फाच्या दोन बाजूंना निऑनच्या ६५३.२८८ आणि ६५९.८९५ नॅनोमीटरच्या रेघा आहेत, दोन्ही प्रखर, दोन्ही एकाच फ्रेममध्ये. त्यांच्यात ६६० पिक्सेल. म्हणजे पिक्सेलला ०.०१००१ नॅनोमीटर.

निऑनसाठी नळी बदलावी लागली आणि रेघा थोड्या सरकल्या असणार. त्याने फरक पडत नाही. निऑनकडून आम्हाला फक्त मोजपट्टी हवी, शून्य नको.

मोजपट्टीच्या रेघा दोन्ही बाजूंना असणं मात्र महत्त्वाचं. कोन वाढतो तसं पिक्सेलचं मोल घटत जातं. ६५०.६५३ आणि ६५३.२८८ ही निऑनची दुसरी जोडी घेऊन तीच मोजपट्टी पुढे ताणली असती तर एच-अल्फापर्यंत एक टक्का चूक आली असती. आमच्या जोडीचा मध्य एच-अल्फापासून ०.३ नॅनोमीटरवरच आहे, म्हणून चूक हजारात एकाहून कमी.

रेघेचा मध्य नजरेने ठरवला नाही. प्रत्येक शिखराचा भारित मध्य काढला. फिकी रेघ ठळक रेघेच्या उतारावर बसलेली असते आणि तो उतार तिचा मध्य आपल्याकडे ओढतो, म्हणून आधी ठळक रेघेचा उतार वजा केला. हे न करता अंतर पाऊण पिक्सेलने कमी येतं. करून आणि न करता दोन्ही बघितलं.

वेगवेगळ्या फ्रेममध्ये अंतर १७.५ ते १८.१ पिक्सेल, सरासरी १७.८. म्हणजे ०.१७८ नॅनोमीटर, दोन हजारांश इकडे-तिकडे. सूत्राचं उत्तर ०.१७८५.

मॅडमनी विचारलं, एच-अल्फाच मुळी एक रेघ नाही, सूक्ष्म रचनेमुळे तिच्यात ०.०१४ नॅनोमीटरवर दोन मुख्य घटक आहेत, त्याचं काय? आमच्या मापात ते दीड पिक्सेल, आणि स्लिटच्या प्रतिमेत विरघळून जातात. शिवाय दोन्ही समस्थानिकांत रचना जवळजवळ तीच, त्यामुळे दोन्ही शिखरं सारखीच विस्कटतात. डॉप्लरमुळे हलक्या हायड्रोजनची रेघ जास्त रुंद होते, पण मध्य हलत नाही.

१८ सप्टेंबर

एच-बीटावर तोच प्रयोग. निळसर रेघ, ४८६ नॅनोमीटर. कॅमेऱ्याला ती लालपेक्षा कितीतरी आवडते, उघडीक थोडकी पुरते. पण ती लहान कोनावर येते आणि तिथे पिक्सेलला ०.०१३२ नॅनोमीटर पडतात, म्हणून अंतर कमी दिसतं. सूत्राप्रमाणे ०.१३२ नॅनोमीटर, म्हणजे बरोबर १० पिक्सेल. आम्हाला १०.१ आले, दोन दशांश इकडे-तिकडे.

तरंगलांबीच्या तुलनेत बघितलं तर लालमध्ये सरकणं दहा हजारात २.७१, निळ्यामध्ये २.७४. चुकीच्या मर्यादेत एकच. हे व्हायलाच हवं, कारण `1 + m/M` हा गुणक सगळ्या रेघांना सारखा. लेन्समधल्या परावर्तनाने दुसरी रेघ पडली असती तर दोन्हीकडे पिक्सेल जवळपास तितकेच राहिले असते, १८ चे १० झाले नसते.

स्नेहलला वाटलं, आता भुताचाही कायमचा निकाल लागला. तसं नाही. भुतांचं अंतरसुद्धा तरंगलांबीच्याच प्रमाणात बदलतं, त्यामुळे ही परीक्षा भूतही पास होतं. भुताला पकडते ती एकाच बाजूची रेघ आणि हायड्रोजनच्या नळीतली त्या अंतरावरची रिकामी जागा. अहवालात हे वेगळं लिहायचं.

२३ सप्टेंबर

मिळालेल्या आकड्यातून काय काढता येतं? हायड्रोजन-ड्युटेरियमचं सापेक्ष सरकणं म्हणजे जवळजवळ

```
dl/l = (m/Mp) * (1 - Mp/Md)
```

इलेक्ट्रॉन-प्रोटॉन गुणोत्तर १८३६.१५ माहीत आहे असं धरलं, तर ०.०००२७१२ ला १८३६.१५ ने गुणून येतं ०.४९८. म्हणजे प्रोटॉन ड्युटेरॉनच्या ०.५०२ पट, उलट केलं तर ड्युटेरॉन प्रोटॉनच्या १.९९ पट. चूक ०.०२. म्हणजे वायूचं वजन न करता, नुसत्या प्रकाशावरून, नळीतलं केंद्रक दुप्पट जड आहे एवढं ठामपणे सांगता येतं. खरं गुणोत्तर १.९९९० आहे. न्यूट्रॉन प्रोटॉनहून थोडा जड असूनही ते दोनच्या खाली येतं, कारण दोघं बांधले जाताना काही वस्तुमान बंधनऊर्जेत जातं. हा हजारातल्या एकाचा फरक बघायला आमचं माप वीसपट तरी सुधारावं लागेल. या स्लिटने ते होणार नाही.

काकांनी विचारलं, साध्या हायड्रोजनच्या नळीतसुद्धा थोडं ड्युटेरियम असतंच ना, मग तिथे का नाही दिसत? निसर्गात साधारण ६४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियम. कॅमेऱ्याची मोजपट्टी १४ बिटांची, म्हणजे ० ते १६,३८३. हायड्रोजनची रेघ अगदी काठापर्यंत भरली तर ड्युटेरियमच्या वाट्याला अडीच. सेन्सरची खरखर त्याहून जास्त, आणि त्या जागी हायड्रोजनच्या रेघेचा पायथाही पसरलेला.

युरीचीही हीच अडचण होती. साध्या हायड्रोजनच्या प्लेटवर फिकी रेघ नेमक्या जागी दिसत होती, पण त्यावर कोणाला पटवता आलं नसतं. म्हणून वॉशिंग्टनमध्ये फर्डिनांड ब्रिकवेडे यांनी काही लिटर द्रव हायड्रोजन उकळवत शेवटचा थोडासा राखला. जड रेणू मागे राहतात या भरवशावर. पहिला नमुना नेहमीच्या वातावरणदाबाखाली २० केल्व्हिनला उकळवलेला होता, त्यात फारसं काही वाढलं नाही. दाब कमी करून १४ केल्व्हिनच्या आसपास उकळवलेल्या नमुन्यात रेघ स्पष्टपणे ठळक झाली. भूत असतं तर नमुना बदलल्याने ठळक झालं नसतं. १९३२ मध्ये शोध छापून आला आणि १९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल युरींना मिळालं.

२६ सप्टेंबर

अहवालाचा मसुदा मॅडमकडे दिला. तक्त्यात प्रत्येक तरंगलांबीपुढे "हवेत" किंवा "निर्वातात" असा वेगळा रकाना केला आहे. जुना अहवालही शेजारी जोडला, ६५६.२९ आणि ६५६.२८ का जुळतात याच्या हिशोबासकट.

मॅडमनी एक काम वाढवून दिलं. ड्युटेरियमच्या नळीतली हायड्रोजनची रेघ ८ तारखेच्या फोटोत मुख्य रेघेच्या पाचव्या हिश्शाएवढी होती, १२ तारखेच्या शेवटच्या फ्रेममध्ये चौथ्या हिश्शाच्या जवळ. नळी जशी वापरली जाते तसं काचेतून हायड्रोजन सुटत असावा. कॅमेरा दिवाळीपर्यंत आपल्याकडे आहे, तेव्हा दर आठवड्याला तीच उघडीक, तेच व्होल्टेज ठेवून एक फोटो काढायचा आणि प्रमाण लिहून ठेवायचं.